कोयता चालतो, कबुली चालत नाही!

शंकेखोर: आरोपी पोलिसांना म्हणाला, "ज्या कोयत्यानं मी त्याला मारलं तो गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीत लपवलाय, चला दाखवतो." कोयता तिथंच मिळाला. तरी कोर्ट म्हणतं 'मारलं' एवढं वाचायचं नाही. एकाच वाक्यातलं अर्धं खरं नि अर्धं खोटं? हा कायदा आरोपीच्या वकिलांनीच लिहिलाय.

सेशनची पायरी: खोटं कोण म्हणालं? गंज उपसल्यावर नक्की कशाची खात्री पटली, तेवढं सांगा. कोयता तिथं होता आणि याला ते माहीत होतं, इतकीच. तो कोणाच्या मानेवर चालला, हे गंज सांगत नाही. 1946 साली कोटय्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टापुढे, हेच आलं होतं. आरोपीनं दबा धरून बसणं, मारणं, कोणाच्या सांगण्यावरून मारलं, सगळं सांगितलं होतं. त्यातून उरलं काय? भाला आणि माझी काठी मी अमक्याच्या गंजीत लपवली, आलात तर दाखवतो. बाकी सगळं गळलं.

तालुक्याचा माणूस: पण पोलिसांपुढची कबुली मुळातच बाद असते ना? मग 'लपवलाय' हेही बादच व्हायला पाहिजे.

सेशनची पायरी: निम्मं बरोबर. बाद असते, पण त्याला अपवाद आहे. पूर्वी जुन्या पुरावा कायद्यात कलम 27 होतं, 1 जुलै 2024 पासून नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम 23 चं परंतुक. अट अशी की आरोपी ताब्यात हवा आणि वस्तू त्याच्या सांगण्यावरूनच सापडायला हवी. कोयता पोलिसांना आधीच मिळालेला असेल, तर नंतरच्या निवेदनाला अर्थ नाही.

माजी हवालदार: एसीत बसून कायदा सांगणं सोपं असतं. रात्री दोनला जप्तीचे साक्षीदार म्हणून पंच कुठून आणायचे? शेजारी दार लावून घेतात. शेवटी चहावाला नाही तर नेहमीचाच गडी.

पंच नंबर दोन: मी तोच गडी. ठाण्यात गेलो तेव्हा कोयता टेबलावर कागदात गुंडाळलेला होता. निवेदनाचं पान लिहून तयार. "इथं सही करा, घरी जा." आरोपी काय बोलला ते मी ऐकलंच नाही. गंज कुठली, तेही आजतागायत पाहिलेली नाही. आता समन्स आलंय.

माजी हवालदार: सगळेच तसं करत नाहीत! एकाच्या नावानं अख्ख्या खात्याला शिव्या नकोत. आता तर जप्तीचं चित्रीकरणही सक्तीचं झालंय.

पंच नंबर दोन: माझ्या वेळी कॅमेरा नव्हता, हवालदारसाहेब. सही मात्र होती.

सेशनची पायरी: म्हणूनच 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बजावलंय: पंच आधी बोलवा, आरोपी त्यांच्यासमोर बोलू दे, त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवा. इथं चार आरोपींच्या चार पंचनाम्यांत एकच ओळ असते, "मी काढून देतो, माझ्यासोबत चला." चौघांची भाषा एक कशी?

माजी हवालदार: ...ती ओळ आम्हाला पाठच असायची. मान्य. पण चौघंही खुनी होते.

शंकेखोर: धागा माझा होता, पंचांचा झाला. आता 'मारलं' काढा, ठीक. पण जागा दाखवली म्हणजे वस्तू त्याचीच ना? एवढं तरी द्या!

सेशनची पायरी: तेही दरवेळी नाही. मुंबईच्या हाजी बंदरावरून रसायनाचे तीन ड्रम गेले होते. आरोपी म्हणाला, बंदरावरून मी काढलेले तीन ड्रम कुठं ठेवलेत ते सांगतो. ड्रम मुसाफिरखान्याच्या आवारात मिळाले. सर्वोच्च न्यायालयानं 1975 मध्ये 'ठेवल्याची जागा सांगतो' एवढंच घेतलं, 'मी काढलेले' सोडलं. आवारात कोणीही येऊ शकत होतं. ठाऊक असणं म्हणजे ताब्यात असणं नव्हे. आरोपी सुटला.

शंकेखोर: म्हणजे चोराला जागा माहीत कशी, हे विचारायचंच नाही?

सेशनची पायरी: विचारा की. त्यानं स्वतः ठेवलं असेल, कोणाला ठेवताना पाहिलं असेल, किंवा कोणी सांगितलं असेल. पुरलेल्या प्रेताच्या एका प्रकरणात आरोपीनं यातलं काहीच सांगितलं नाही, तेव्हा त्यानंच पुरलं असं कोर्टानं धरलं. आणि तुमच्या कोयत्यावर मयताचं रक्त निघालं, सील शाबूत राहिलं, तर तुमचं गळलेलं 'मारलं' दुसऱ्या दारानं आत येतं. फक्त ते आरोपीच्या तोंडून नाही, प्रयोगशाळेतून.

शंकेखोर: बरं बाबा. जिंकलात. सामान्य माणसाला हे पटणार नाही, एवढं लिहून ठेवा.

पंच नंबर दोन: तुमचं झालं असेल तर माझं सांगा. मी खरं बोललो तर कोयता जातो. नाही बोललो तर एक माणूस माझ्या सहीवर जन्मठेपेला जाईल. आणि तो खुनी नाही, हेही मला ठाऊक नाही.

माजी हवालदार: सरकारी वकिलांना भेटा. इथं लिहू नका.

सेशनची पायरी: पिंजऱ्यात जे पाहिलंत तेच सांगा.

पंच नंबर दोन: पाहिलं काहीच नाही, साहेब. तीच तर अडचण आहे.