प्रतिसाद: मनात नसलेली माफी

> मनात नसताना 'माफी मागतो' म्हटलं, तर माफी मागितली असं धरायचं का?

हो, धरायचं. माफी मागणं, वचन देणं अशा बोलूनच होणाऱ्या कृतींमध्ये इंग्रज तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी दोन वेगळे बिघाड दाखवले आहेत. दादरच्या एखाद्या सोसायटीची सभा घ्या. मागच्या रांगेतून एक सभासद ओरडतो, "सभा तहकूब करतो!" काहीच तहकूब होत नाही, कारण तो अधिकार अध्यक्षांचा. कृती घडलीच नाही. आता पार्किंगच्या भांडणानंतर शेजारी तोंड वाकडं करून "माफी मागतो" म्हणतात. ही कृती घडली, फक्त खोट्या मनाने. म्हणून तर "मनापासून मागितली नाहीत" अशी तक्रार करता येते, आणि उद्या "मी माफी मागितलीच नव्हती" असं त्यांना म्हणता येत नाही. वचनाचंही तेच: पाळायचं नसलं तरी दिलेलं वचन बांधतंच.