मदत हवी आहे: ईमेल केला तरी भावाला काउंटरवरून परत पाठवलं

घाईत_आहे: जिथे अर्ज केला होता त्या कार्यालयातून माझी तीन मूळ प्रमाणपत्रं, एकाच पाकिटातली, घ्यायला भाऊ गेला होता. मी मेल केला होता, तरी दिली नाहीत. उद्या शेवटचा दिवस आहे. आता काय करू?

टाचणी: मेल कोणत्या पत्त्यावरून केलात? त्यात काय लिहिलं होतं? भावाने सोबत काय नेलं होतं?

घाईत_आहे: ऑफिसच्या मेलवरून. 'माझा भाऊ बाळू येईल, त्याला द्या.' ओळखपत्र होतं की त्याच्याकडे!

जुनाफाईलवाला: मेलला काही किंमत नसते. सरळ नोटरी करून मुखत्यारपत्र द्या.

टाचणी: एक पाकीट उचलायला मुखत्यारपत्र कशाला? नोटरी मागणारी ठिकाणं आहेत, पण तसं तेच सांगतात. इथे अडलंय ते वेगळंच. अर्जात खासगी मेल दिला असेल, तर ऑफिसच्या पत्त्यावरून आलेला मेल तुमचाच कशावरून? शिवाय ओळखपत्रावर 'बाळू' नसणार. काउंटरवरचा माणूस मेलमधलं नाव आणि कार्डावरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघतो.

अर्जातल्याच पत्त्यावरून असं पाठवा. विषयाच्या ओळीतच अर्ज क्रमांक टाका, नाहीतर मेल शोधायलाच अर्धा दिवस जातो.

> अर्ज क्र. ____ ची मूळ प्रमाणपत्रं (एकूण ३, एकच पाकीट) माझ्या वतीने ताब्यात घेण्याचा आणि पोच म्हणून सही करण्याचा अधिकार श्री. ____ (ओळखपत्रावरचं पूर्ण नाव), नातं: भाऊ, यांना देत आहे. ओळखपत्र: ____, शेवटचे ४ अंक ____. हा अधिकार फक्त दि. ____ रोजी, एकदाच वापरता येईल. खात्री करायची असल्यास माझा फोन: ____.

खाली तुमचं अर्जातलं पूर्ण नाव. सोबत तुमच्या ओळखपत्राची प्रत जोडा आणि तिच्यावर आडवं लिहा: 'फक्त अर्ज क्र. ____ साठी'. भावालाही सीसीमध्ये ठेवा. त्याने मूळ ओळखपत्र आणि मेलची छापील प्रत न्यावी. प्रतीवर पाठवणाऱ्याचा पत्ता आणि तारीख दिसली पाहिजे, नुसता स्क्रीनशॉट बरेच जण घेत नाहीत.

पार्सलप्रेमी: एवढं कशाला? ओटीपी येतो तो भावाला फोनवर सांगायचा. मी पार्सलसाठी तेच करते.

टाचणी: ते पार्सल, हे कागद. ओटीपीने कोण आलं होतं याची नोंद राहत नाही. उद्या पाकीट चुकीच्या हाती गेलं तर भांडायला तुमच्याकडे काय?

पार्सलप्रेमी: बरं, पार्सल परत पाठवायचं असेल तरी असाच मेल लागतो का?

जुनाफाईलवाला: त्याला वेगळा धागा काढा. आणि मेलबरोबर सही केलेल्या पत्राचा स्कॅन तरी जोडा, टाईप केलेलं नाव म्हणजे सही नव्हे.

टाचणी: हे मात्र बरोबर. काही ठिकाणी अर्जातल्या सहीशी ताडून बघतात.

घाईत_आहे: खासगी मेलवरून पाठवलं, स्कॅनसकट. उत्तर नाही. भावाला उद्या सकाळी पाठवू ना?

टाचणी: आधी फोन करून विचारा, मेल काउंटरपर्यंत पोचलाय का. बऱ्याचदा तो मुख्य इनबॉक्समध्येच पडून राहतो आणि काउंटरवाल्याला पत्ताच नसतो. फोनवर 'हो' म्हणाले तर त्या माणसाचं नाव भावाला देऊन ठेवा.

जुनाफाईलवाला: तरी नोटरीचं विचारून ठेवाच.