नानांचा खालचा गाळा कोणाला द्यायचा? (सोसायटी ग्रुप, देवपूर, धुळे)

नाना, गाळा 3: नमस्कार मंडळी. बी विंगखालचा आपला गाळा दिवाळीपासून रिकामा आहे, हे सगळ्यांना माहीतच आहे. काल एक गिऱ्हाईक आलं. पार्टस्‌चं गोडाऊन करायचं म्हणतो. महिना 10 हजार देईन आणि सहा महिन्यांचं भाडं एकदम आगाऊ देईन, असं म्हणाला. करार अकरा महिन्यांचा, स्टॅम्प पेपरवर नोटरी करून. उद्याच सही करा म्हणतो. कोणाची काही हरकत?

आप्पा, ए-2: नाना, घाई कसाले? आपल्या लाइनीत आठ हजारच्या वर कोणी देत नाही. हाऊ माणूस दोन हजार जास्त का देतो?

नाना: तेच तर. म्हटलं, देतोय तर देऊ द्या.

सुनंदाताई, बी-1: गाळ्यात काय ठेवणार हे नीट विचारा. माझं घर बरोबर वर आहे. उन्हाळ्यात खाली थिनर नाहीतर बॅटऱ्या भरून ठेवल्या तर मला झोप लागायची नाही.

सेक्रेटरी: सोसायटीची परवानगी घ्यावी लागत नाही, पण जागा देण्याच्या आठ दिवस आधी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची. नॉन-ऑक्युपन्सी चार्ज सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत लागेल. त्यापेक्षा जास्त आपण घेऊ शकत नाही.

प्राजक्ता, सी-1: नाना, मी टॅक्स कन्सल्टंटकडे काम करते, म्हणून विचारते. गाळा बघताना त्याने नेमकं काय बघितलं?

नाना: बघितलं असं काही नाही. शटर अर्धंच वर केलं होतं, तो आत आलाच नाही. फोटो मात्र काढले. मीटरचा काढला आणि घरपट्टीच्या पावतीचा.

प्राजक्ता: आणि कागद कोणते मागितले?

नाना: करार, लाइट बिलाची झेरॉक्स आणि माझ्या सहीचं संमतीपत्र. मजकूर त्यानेच टाइप करून आणला होता. चावीची घाई नाही म्हणाला, माल पुढच्या महिन्यात येईल.

प्राजक्ता: मग मला शंका आहे की त्याला गाळा नकोच आहे, फक्त पत्ता हवाय. जीएसटी नंबर काढताना धंद्याच्या जागेचा पुरावा द्यावा लागतो. जागा दुसऱ्याची असेल तर हेच तीन कागद चालतात: करार, मालकाच्या नावाचं बिल आणि संमतीपत्र. काही लोक अशा पत्त्यावर नंबर काढतात, माल न हलवता नुसती बिलं फाडतात आणि गायब होतात. महिन्या-दोन महिन्यांत खात्याचे लोक जागा तपासायला येतात. शटर बंद असतं, बोर्ड नसतो. भाडेकरूचा फोन लागत नाही, म्हणून ते मालकाला शोधत येतात. कराराच्या खाली सही मालकाचीच असते.

आप्पा: म्हणजे बठ्ठं कागदवर शे, माल काहीच नाही!

प्राजक्ता: तो तसाच आहे असं मी म्हणत नाही, आप्पा. खरा धंदेवालाही हेच कागद मागतो. फरक इतकाच की खरा माणूस आधी जागेच्या अडचणी विचारतो. टेम्पो आत येतो का, पावसात पाणी शिरतं का, शटरला कुलूप किती आहेत. याने यातलं काही विचारलं का?

नाना: एकही नाही.

सुनंदाताई: माझा चुलत भाऊ शिंदखेड्याला असतो. त्याच्या गॅरेजच्या पत्त्यावर असाच एक नंबर निघाला होता. बिचारा जबाब द्यायला चकरा मारत होता.

नाना: पण त्याने गुमास्ता आणि उद्यमचं सर्टिफिकेट दाखवलं. दोन्हीवर त्याच्या फर्मचं नाव आहे.

प्राजक्ता: त्याने काहीच सिद्ध होत नाही, नाना. 2017 च्या दुकाने कायद्यात कामगार थोडेच असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते, त्याची पावती म्हणजेच तो गुमास्ता. उद्यमही स्वतःच भरलेल्या माहितीवर मिळतं. कोणी जागेवर येऊन बघत नाही. त्यापेक्षा पॅन मागा. gst.gov.in वर लॉगिन न करता `Search Taxpayer` मध्ये `Search by PAN` आहे. पॅन टाकला की त्यावरचे सगळे जीएसटी नंबर आणि त्यांची स्थिती दिसते. रद्द झालेले नंबर पुष्कळ दिसले तर नमस्कार करून मोकळे व्हा. नंबर चालू असेल तर त्यावर क्लिक करून रिटर्न भरलेत का तेही बघता येतं. नंबर नवाच काढायचा असेल तर तिथे काही दिसणार नाही. मग सध्या धंदा कुठे चालतो ते विचारायचं आणि तिथे जाऊन यायचं.

नाना: त्याने सांगितलेला पत्ता आग्रा रोडचा आहे. जाऊन बघतो.

वकीलसाहेब, बी-4: नाना, मी प्रवासात होतो, आत्ता वाचलं. प्राजक्ताचं बरोबर आहे. पण माणूस चांगला निघाला तरी तो अकरा महिन्यांचा नोटरी कागद करू नका. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, असा समज आपल्याकडे घट्ट बसलाय. महाराष्ट्रात तो चालत नाही. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 सांगतं की करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, मग मुदत कितीही असो. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. चुकला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि खरी मेख पुढे आहे. नोंदणी नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते आधी खरं धरतात. ते खोटं ठरवायचं काम तुमच्यावर येतं.

आप्पा: पण नोंदणीला खर्च किती येतो वकीलसाहेब? म्हणून तर लोक नोटरी करतात.

वकीलसाहेब: हिशेब करून दाखवतो. 33 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स धरा. पहिले 11 महिने 8,000, पुढचे 8,400, शेवटचे 8,820. एकूण भाडं 2,77,420 रुपये. डिपॉझिट 48,000 घेतलं तर त्यावर वर्षाला दहा टक्के मानीव व्याज धरतात, म्हणजे पावणेतीन वर्षांचे 13,200. दोन्ही मिळून 2,90,620. मुद्रांक शुल्क त्याच्या पाव टक्का, म्हणजे साधारण सव्वासातशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. वरून किरकोळ फी आणि एजंटची मजुरी. तीन वेळा नोटरीकडे जाण्यापेक्षा एकदाच हे केलेलं बरं. ई-रजिस्ट्रेशन घरबसल्या होतं. आधारवर अंगठा आणि फोटो, दोन साक्षीदार, बस. तो अंगठा भाडेकरूलाही स्वतः द्यावा लागतो. पत्त्यासाठी आलेला बनावट माणूस इथेच मागे सरकतो. नोटरीला काय, दुसऱ्याच्या नावाची झेरॉक्स दिली तरी काम होऊन जातं.

नाना: आणि भाडं थकवलं, गाळा सोडला नाही, तर?

वकीलसाहेब: हे मी मुद्दाम सांगणारच होतो. फ्लॅटच्या लायसन्सची मुदत संपली की कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे लवकर ताबा मागता येतो आणि दुप्पट भाड्याचा दावाही करता येतो. ती सोय फक्त राहण्याच्या जागेला आहे. दुकानाला, गोडाऊनला नाही. गाळ्यासाठी दिवाणी कोर्टात दावा टाकावा लागतो, आणि आपल्याकडे दिवाणी दावा म्हणजे किती वर्षं ते तुम्ही जाणता. म्हणून दुकानाच्या बाबतीत माणूस निवडण्यातच खरं काम आहे. एका महिन्याचं भाडं चुकलं की लगेच लेखी नोटीस, तिसऱ्या महिन्याची वाट बघायची नाही. आणि रागाने त्याच्या शटरवर आपलं कुलूप कधीच लावायचं नाही. बेकायदा बाहेर काढलं म्हणून तो सहा महिन्यांत दावा करून ताबा परत मिळवू शकतो.

सुनंदाताई: म्हणून सहा महिन्यांचं डिपॉझिट?

वकीलसाहेब: हो. दोन महिन्यांचं थकलेलं भाडं, दोन महिन्यांचा नोटीस काळ, लाइट बिल आणि शटर-रंगाची मोडतोड यात धरायची. ते बँकेतून घ्यायचं, आगाऊ भाडं म्हणून रोख नाही. करारात मालाचा प्रकार लिहायचा, ज्वलनशील आणि स्फोटक पदार्थ चालणार नाहीत हे लिहायचं, म्हणजे सुनंदाताईंची झोप वाचेल. पोटभाडेकरू नको आणि महिन्यातून एकदा आत बघण्याचा हक्क ठेवा.

प्राजक्ता: आणखी एक कलम माझ्या पसंतीचं. गाळा सोडताना या पत्त्यावरचा जीएसटी नंबर रद्द केल्याचा किंवा पत्ता बदलल्याचा आदेश दाखवल्याशिवाय डिपॉझिट परत नाही. रद्द असेल तर REG-19, पत्ता बदलला असेल तर REG-15. गोडाऊन जादा जागा म्हणून जोडलेलं असेल तर बाहेरून शोधताना ते नेहमी दिसत नाही, म्हणून प्रतच मागायची. आणि भाडेकरू जीएसटीत असेल आणि नाना नसतील, तर 10 ऑक्टोबर 2024 पासून भाड्यावरचा 18 टक्के कर त्यानेच भरायचा असतो. नानांनी बिलात तो लावायचा नाही. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या छोट्या भाडेकरूला 2025 च्या जानेवारीपासून यातून सूट आहे.

आप्पा: मी माझ्या पार्किंगमधला कोपरा कोणाला गोडाऊनला देऊ का मग?

सेक्रेटरी: आप्पा, स्टिल्ट पार्किंग विकता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2010 मध्येच सांगितलंय. आणि आपल्या उपविधीत ते बाहेरच्याला भाड्याने देताही येत नाही. गाडी लावा.

आप्पा: गंमत केली रे बाबा.

सेक्रेटरी: नाना, गाळ्याचं मीटर कमर्शियल आहे ना? घरच्या मीटरवरून लाइन ओढलीत आणि महावितरणने पकडलं तर दुप्पट दराने बिल लावतात, आणि वापर कधीपासून ते कळलं नाही तर मागच्या बारा महिन्यांचं.

नाना: कमर्शियलच आहे. बिल माझ्या नावाचं.

वकीलसाहेब: मग बिल दर महिन्याला भरून पावती तुम्हाला पाठवायची, हेही लिहा. थकलं तर वीज मंडळ मीटर ज्याच्या नावावर आहे त्यालाच पकडतं.

*(दुसऱ्या दिवशी)*

नाना: आग्रा रोडला जाऊन आलो. त्या नंबरच्या जागी चहाची टपरी आहे. टपरीवाला म्हणाला, या नावाची फर्म मी ऐकली नाही. त्या माणसाला फोन केला आणि ई-रजिस्ट्रेशनसाठी अंगठा लागेल म्हटलं. तेव्हापासून उचलत नाही.

प्राजक्ता: संमतीपत्रावर सही केली नव्हती ना?

नाना: नाही. फक्त लाइट बिलाचा फोटो त्याच्याकडे आहे.

प्राजक्ता: नुसत्या बिलावर काही होत नाही, पण तुमची सही नक्कल करून करार बनवू शकतो. जीएसटीची किंवा कुठलीही नोटीस या पत्त्यावर आली तर फेकू नका. गाळ्याच्या दारात पोस्टमन काय टाकून जातो ते बघत रहा.

सुनंदाताई: नाना, साक्री रोडवर आरओ दुरुस्तीवाला आहे ना, चार वर्षं एकाच दुकानात. त्याचा मालक इमारत विकतोय, त्याला जागा हवीय. आठ हजार देईल. फिल्टर आणि पंप, बाकी काही नाही.

नाना: त्याला उद्या सकाळी बोलावतो. पॅन घेऊन ये म्हणतो.

वकीलसाहेब: त्याच्या आत्ताच्या मालकालाही भेटा. भाडं किती तारखेला यायचं आणि लाइट बिल कधी थकलं होतं का, एवढंच विचारा. पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर भाडेकरूची माहिती भरून ठेवा.

सेक्रेटरी: कराराची प्रत मला आठ दिवस आधी द्या. शनिवारी नोंदणी करणार असाल तर एक साक्षीदार मी येतो.