आजारी माणसाचा उपवास चुकला तर?

प्रसाद: हा फॉरवर्ड वाचा सगळ्यांनी. जगातल्या सगळ्या धर्मांनी उपवास सांगितला तो शरीर साफ व्हावं म्हणून, आणि त्यावरच नोबेल मिळालंय!

नीलाताई: प्रसाद, 2016 चं नोबेल योशिनोरी ओसुमींना मिळालं ते पेशी आपलेच जुने भाग मोडून पुन्हा कसे वापरतात, हे शोधल्याबद्दल. प्रयोग यीस्टवर होते, उपवास करणाऱ्या माणसांवर नव्हे. आणि हेतू फक्त तब्येतीचा असता तर आजारी माणसाला सगळ्या धर्मांनी एकच उत्तर दिलं असतं. इन्सुलिन घेणाऱ्याने उपवासाच्या दिवशी काय करायचं? ग्रुपवर सगळे आहेत, विचारूनच बघ.

तांबोळी वहिनी: मी सांगते. कुराणात रोज्याचा हेतू तकवा सांगितलाय, म्हणजे अल्लाहची जाणीव ठेवून स्वतःला आवरणं. पुढच्याच आयतीत आजारी आणि प्रवासी यांना सवलत आहे. चार दिवसांचा ताप असेल तर सुटलेले रोजे नंतर भरून काढायचे. दुखणं कायमचं असेल आणि रोजे झेपणारच नसतील, तर दर रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालायचं, त्याला फिदिया म्हणतात. म्हणजे महिना 30 दिवसांचा असेल तर 30 जणांचं जेवण.

रेबेकाताई: आमच्या ज्यूंच्या योम किप्पूरच्या उपवासाचं तसं नाही हो वहिनी. तो नंतर भरून काढताच येत नाही. वर्षातला तो एकच प्रायश्चित्ताचा दिवस, साधारण 25 तास, पाण्याचा थेंबही नाही. क्षमा त्या दिवसाशी बांधलेली आहे, मग दुसऱ्या आठवड्यात उपाशी राहून काय होणार?

प्रसाद: मग मधुमेहवाल्याने काय करायचं ताई?

रेबेकाताई: जिवाला धोका असेल तर त्याने खायलाच हवं. हट्टाने उपाशी राहिला तर ते पुण्य नाही, आज्ञाभंग आहे. पण त्यातही बारकावा बघ. डॉक्टर आणि रब्बी दोघांना आधी विचारतात, आणि थोडं थोडं खाऊन भागणार असेल तर साधारण 30 मिलिलिटर एवढाच घास, मग 9 मिनिटं थांबायचं, मग पुढचा. शास्त्रात उपवास पूर्ण मोडण्याचं जे माप आहे, त्याच्या आत राहायचं म्हणून. साखर झपकन उतरली तर मात्र घड्याळ बघत बसायचं नाही, सरळ हवं तेवढं खायचं.

प्रसाद: बाप रे, घड्याळ लावून घास!

शहाकाका: आम्हा जैनांत उपवास म्हणजे तप. आत्म्याला चिकटलेलं कर्म त्याने झडतं, त्याला निर्जरा म्हणतात. ते माझं कर्म, मलाच झाडायचंय. माझ्या वतीने कोणाला जेवू घालून ते होणार नाही. एक उपवास म्हणजे आदल्या दिवशीच्या सूर्यास्तापासून उपवासाच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत, जवळजवळ 36 तास. प्यायला उकळलेलं पाणी, तेही फक्त दिवसा.

तांबोळी वहिनी: आणि काका, मध्येच चक्कर आली तर?

शहाकाका: त्याची सोय पच्चक्खाण, म्हणजे उपवासाचा संकल्प, घेतानाच केलेली असते वहिनी. नियम घेतो त्याच पाठात अपवादही बोलतो: विसरून तोंडात गेलं, अचानक काही तोंडात पडलं, वडीलधाऱ्या साधूंनी आज्ञा केली, किंवा दुखण्याने मनाची समाधीच ढळली आणि औषध घ्यावं लागलं. या चारांत नियम मोडला असं धरत नाहीत. तरीही तरुण पोरं चढाओढीने मोठे उपवास धरतात आणि वरघोड्यात मिरवतात, ते मला पटत नाही. मिरवलं की नवं कर्म चिकटलंच.

सुमेध: बौद्ध भिक्खूंचं तर आणखी निराळं. बुद्धांनी स्वतः उपाशी राहून शरीराचा सापळा केला आणि मग तो मार्ग सोडलाच. भिक्खूंना नियम एवढाच की दुपारनंतर जेवायचं नाही. त्याचं एक कारण मज्झिमनिकायात उदायी भिक्खूच्या तोंडून येतं. भिक्खू रात्री अंधारात भिक्षेला फिरायचे आणि गटारात, काटेरी झुडपात पडायचे. एकदा भांडी घासणाऱ्या एका बाईला विजेच्या लखलखाटात हा दारात दिसला, ती भूत समजून किंचाळली. वर त्याला झापलं, रात्रीची भीक मागत हिंडण्यापेक्षा सुरीने पोट कापून घे म्हणून 😄

नीलाताई: म्हणजे तिथे पापाचा नि प्रायश्चित्ताचा प्रश्नच नाही. दारात जाऊन लोकांना त्रास द्यायचा नाही!

सुमेध: तेही, आणि कमी जेवल्याने अंग हलकं राहतं असंही बुद्ध सांगतात, तेवढ्यापुरता प्रसादचा फॉरवर्ड बरोबर. आजारी भिक्खूला दुपारनंतरही तूप, लोणी, तेल, मध, गूळ चालतं, कारण ते औषधात धरलंय.

प्रसाद: फॉरवर्ड मागे घेतो. पण माझ्या ऑफिसातला एक मित्र इन्सुलिनवर असून रोजे धरतो. त्याला काय सांगू?

तांबोळी वहिनी: रमजानच्या महिना-दोन महिने आधीच डॉक्टरांकडे जाऊन डोस बदलून घे म्हणावं. दिवसा बोटाला सुई टोचून साखर तपासली तर रोजा तुटत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं आणि ते तपासायचंच टाळतात. आकडा 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेला तर तिथल्या तिथे रोजा सोडायचा. मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताला रोजा सुटायला, दहा मिनिटं उरली असली तरी.