सासूबाईंची जीभ सोलल्यासारखी झालीय, अन्नावरची वासना उडालीय, बी-१२ कमी निघालं. आधी नेमकं काय बिघडलं?

कोरेगावची_सून

नमस्कार मंडळी. सासूबाई ६४ वर्षांच्या, माळकरी, मांस-मच्छी-अंडं काही नाही. गेल्या दिवाळीपासून जेवण निम्म्यावर आलंय. अर्धी भाकरी खाल्ली की "पोट गच्च झालं" म्हणतात आणि ताट सारतात. ढेकर येत राहतात, दुपारचं जेवण रात्रीपर्यंत तसंच असल्यासारखं वाटतं. जीभ लालबुंद, मधोमध अगदी गुळगुळीत, चकचकीत. कांदा-लसूण मसाल्याचं कालवण तर सोडाच, साधं वरण जरा गरम असलं तरी चरचरतं. दूध-भात कालवून देते, तेवढाच जातो.

गावातल्या डॉक्टरांनी पित्त म्हणून सकाळी उपाशीपोटी घ्यायची गॅसची गोळी दिली होती, ती तीनेक वर्षं चालूच आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं आहे, आता दिवसाला २००० मिलिग्रॅम. फारच मलूल दिसायला लागल्या म्हणून साताऱ्याला नेऊन रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.१, एमसीव्ही ११४, बी-१२ १२६.

घरात सगळे म्हणतात, पित्तामुळे जेवण कमी झालं आणि जेवण कमी म्हणून रक्त कमी. मला ते पटत नाही. कारण जीभ आधी लाल झाली, जेवण नंतर तुटलं. कुणाला यातलं कळत असेल तर सांगा. इंजेक्शनं सांगितलीत, पण त्या म्हणतात टॉनिकवर भागवा.

वाईची_अन्नपूर्णा

ताई, ही अंगातली उष्णता. आमच्याकडे गुलकंद आणि सब्जाचं पाणी देतात, आठ दिवसांत जीभ गार पडते. रक्तासाठी बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे, पालक. लोखंडी कढईत भाजी करा. सुनेच्या बाळंतपणानंतर हेच केलं, रक्त वाढलं. आणि त्यांना मधुमेह असेल तर गूळ-गुलकंद बेतानं, हे सांगायला नकोच.

मिरज_सूक्ष्मदर्शक

मी मिरजेत रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरी करून निवृत्त झालो. डॉक्टर नाही, पण असे रिपोर्ट हातून पुष्कळ गेलेत.

अन्नपूर्णाताई, तुमचं लोखंडी कढईचं खरं आहे, पण ते लोहासाठी. बीट, खजूर, पालक यांत बी-१२ जवळजवळ नसतंच. इथं एमसीव्ही ११४ आहे. म्हणजे तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या आहेत, ८० ते १०० च्या आत असायला हव्यात. नुसतं लोह कमी असतं तर पेशी उलट लहान झाल्या असत्या. ही बी-१२ ची खूण आहे, आणि १२६ हा आकडा स्पष्ट कमी आहे. २०० च्या खाली गेलं की बहुतेक लॅब कमी म्हणून लिहितात.

आता ताईंचा प्रश्न. जिभेवरची साल आणि पोटाच्या, आतड्याच्या आतलं अस्तर या शरीरातल्या सगळ्यात भराभर झिजणाऱ्या आणि भराभर नव्या होणाऱ्या जागा. काही दिवसांत जुनी पेशी गळते, तिच्या जागी नवी येते. नवी पेशी करायची तर आधी तिच्या केंद्रकातलं डीएनए दुप्पट व्हावं लागतं, आणि त्याला बी-१२ लागतं. ते नसलं की पेशी फुगते पण वेळेवर दोन होत नाही. रक्तात मोठ्या पेशी दिसतात त्या याचमुळे. जिभेवर तेच होतं. बारीक खरखरीत काटे असतात ते झडतात, भरून येत नाहीत, साल पातळ होते. म्हणून ती गुळगुळीत, लाल आणि उघड्या जखमेसारखी चरचरणारी. चव घेणाऱ्या कळ्याही उणावतात, मग भाकरी खाल्ली काय आणि कागद खाल्ला काय. तिथून वासना उडायला सुरुवात होते.

पोटाच्या अस्तराचंही तेच होतं, फक्त ते दिसत नाही. त्यात रक्त कमी म्हणून अंगात त्राण नाही, भूक आणखी मरते. म्हणजे तुमची शंका बरोबर आहे: जेवण कमी झाल्यामुळे एवढ्या लवकर बी-१२ तळाला जात नाही. यकृतात त्याचा काही वर्षांचा साठा असतो. तो संपत आला तो आधीच.

तासगावचा_बागायतदार

आमच्या थोरलीचं पण असंच. शाळेत असताना पाटीवरची पेन्सिल खायची, भिंतीचा पोपडा खायची. तोंडाचे कोपरे फाटलेले, जीभ फिकट. डॉक्टरनी लोहाच्या गोळ्या दिल्या, दोन महिन्यांत पेन्सिल सुटली. तुम्ही पण लोहाच्या गोळ्या सुरू करा, इंजेक्शन कशाला टोचायचं?

मिरज_सूक्ष्मदर्शक

दादा, मुलीचं ते लोहाचंच होतं, माती-पेन्सिल खाण्याची ओढ त्यातच लागते. पण इथं पेशी मोठ्या आहेत. लोहाच्या गोळीनं जीभ सुधारणार नाही, आणि आधीच मळमळणाऱ्या पोटात ती गोळी आणखी जड पडते.

पुसेगावचा_वारकरी

माऊली, आमच्या घरात तीन पिढ्या माळ आहे. आजी नव्वदीपर्यंत पायी वारीला गेली. कुणाला बी-१२ चं नाव माहीत नव्हतं. दूध-ताक असलं की सगळं मिळतं. माळेला उगाच दोष देऊ नका.

मिरज_सूक्ष्मदर्शक

माळेला दोष देत नाही. दुधात बी-१२ असतंच. अंदाजानं एका मोठ्या पेल्यात एक मायक्रोग्रॅम, आणि दिवसाची गरज दोन-अडीच. दोन पेले दूध आणि वाटीभर दही रोज पोटात जात असेल तर माळकरी माणसाचं भागू शकतं. आजींचं भागलं असेल. पण आता घरोघरी दूध डेअरीला जातं आणि म्हातारीच्या वाट्याला चहापुरतं येतं, हे आपण बघतोच.

शिवाय इथं आणखी दोन गोष्टी आहेत. अन्नातलं बी-१२ प्रथिनाला चिकटलेलं असतं, ते सोडवायला पोटातलं आम्ल लागतं. गॅसची गोळी तेच आम्ल दाबते. सुटलेलं बी-१२ पोटातल्याच एका वाहकाच्या पाठीवर बसून लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला शोषलं जातं, आणि तिथं मेटफॉर्मिन आडवं येतं. दोन्ही औषधं वर्षानुवर्षं, वर आहारात कमी. एकेकटं असतं तर कदाचित निभावलं असतं.

यातली वाईट गंमत अशी की अस्तर पातळ झाल्यावर पोट फुगतं, ढेकर येतात, त्यालाच पित्त म्हणून गॅसची गोळी वाढवली जाते. मी स्वतः होऊन कुठलीच गोळी बंद करा म्हणणार नाही. पण डॉक्टरांना "ही गोळी अजून लागते का?" एवढं जरूर विचारा.

कडेगावची_सेविका

ताई, त्या मिश्री लावतात का? आमच्या भागात बायका जीभ पोळते म्हणून येतात आणि निम्म्या वेळा दातवण मिश्रीचं असतं. गुळगुळीत लाल जीभ वेगळी. पण एकाच बाजूला पांढरा चट्टा, कडक गाठ किंवा तीन आठवडे न भरणारा फोड असेल तर ते बी-१२ वर ढकलू नका, थेट दाखवा. आणि पायांना मुंग्या येतात का तेही बघा.

कोरेगावची_सून

मिश्री दोन वेळा लावतात, हो. बॅटरी मारून तोंड बघितलं, चट्टा-गाठ नाही, सगळी जीभ सारखीच लाल. मुंग्या येतात, पण आम्ही समजलो साखरेमुळे. आणि एक गोष्ट आता लक्षात येतेय. अंगणातून येताना एका पायातली चप्पल मागं राहते आणि त्यांना कळत नाही. आम्ही हसायचो.

मेडिकलवाला म्हणतो फॉलिक ॲसिडची गोळी स्वस्त आहे, रक्त तीही वाढवते. ती चालेल का?

मिरज_सूक्ष्मदर्शक

ताई, हे चपलेचं डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा. मधुमेहानंही पाय बधिर होतात आणि बी-१२ नंही. नुसतं बघून कुणाला वेगळं करता येत नाही. डोळे मिटून उभं राहताना तोल जातो का, अंधारात चालताना भिंत धरावी लागते का, हे बघतील ते.

आणि नुसती फॉलिकची गोळी अजिबात नको. तिनं रक्ताचा आकडा सुधारतो, सगळे खूश होतात, आणि आत नसांची नासाडी चालूच राहते. रक्त भरून येतं, पण नस फार दिवस उपाशी राहिली तर पूर्ण परत येईलच असं नाही. टॉनिकचंही तसंच, त्यात बी-१२ नाममात्र असतं. पायांपर्यंत गेलेलं असताना इंजेक्शनच. सहसा १००० मायक्रोग्रॅमची, आधी दिवसाआड किंवा रोज, मग आठवड्याला, मग महिन्याला. क्रम डॉक्टर ठरवतील.

आणखी एक. पोटातला तो वाहकच बनत नसेल, म्हणजे शरीरच पोटाचं अस्तर खात असेल, तर इंजेक्शन किंवा मोठ्या मात्रेची गोळी जन्मभर लागते. त्यासाठी वेगळी रक्ततपासणी आणि कधी दुर्बीण लागते. रक्ताची काच बघायला सांगितली होती का? पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाला एरवी तीन-चार पाकळ्या असतात, यात पाच-सहा दिसतात. कुठल्याही आकड्याआधी आम्ही तेवढ्यावरून ओळखायचो.

पुसेगावचा_वारकरी

इंजेक्शनात प्राण्याचं काही नसतं ना? आई हेच विचारेल.

मिरज_सूक्ष्मदर्शक

बी-१२ हे जिवाणूंकडून आंबवून बनवतात. माळेला बाध नाही. कॅप्सूलचं आवरण मात्र जिलेटिनचं असू शकतं, ते पाकिटावर बघून किंवा मेडिकलवाल्याला विचारून घ्या.

कोरेगावची_सून

मंडळी, थोडं कळवते. इंजेक्शनं सुरू करून दोन आठवडे झाले. जिभेची आग बरीच उतरली. परवा स्वतःहून "आज आमटी कर" म्हणाल्या, भाकरी कुस्करून खाल्ली. पण पोट फुगणं तसंच आहे, आणि चप्पल अजून मागं राहते.

डॉक्टरांनी मेटफॉर्मिन चालू ठेवलं. महिन्याने फेरिटिन तपासायला सांगितलंय, म्हणाले नवं रक्त भराभर तयार व्हायला लागलं की लोह कमी पडतं. गॅसची गोळी हळूहळू कमी करायची ठरलंय. पहिल्यांदा एकदम सोडली तेव्हा दोन दिवस छातीत जळजळ झाली आणि त्या म्हणाल्या, "बघ, पित्तच होतं."

दुर्बिणीला मात्र तयार नाहीत. आषाढी झाल्यावर बघू म्हणतात.

कडेगावची_सेविका

गोळी एकदम सोडली की काही दिवस आम्ल उसळतं, ते पित्ताचं प्रमाण नव्हे. दुर्बिणीचं आषाढीपर्यंत थांबेल का हे डॉक्टरांनाच विचारा. वजन उतरत असेल, घास अडकत असेल किंवा शौचाला काळं होत असेल तर थांबू नका. आणि वारीला पायी पाठवू नका यंदा, पाय जमिनीवर कुठं पडतोय ते कळत नसताना दिवेघाट चढायचा नाही.

वाईची_अन्नपूर्णा

गुलकंद मी परत घेते. पण ताक प्यायला तरी चालेल ना?

मिरज_सूक्ष्मदर्शक

चालेल की. फक्त रक्त ताकानं भरून येईल या आशेवर इंजेक्शन चुकवू नका.