ताप उतरला, प्लेटलेट 58 हजार आणि डॉक्टर नुसतं सलाईन लावून बसलेत

पन्हाळ्याचा वारा: मेव्हण्याला डेंग्यू झालाय, वय 34, आज पाचवा दिवस. काल रात्रीपासून ताप नाही. प्लेटलेट परवा 1 लाख 10 हजार, आज सकाळी 58 हजार. डॉक्टर प्लेटलेट चढवत नाहीत, नुसतं सलाईन, आणि दर सहा तासांनी रक्त काढायलेत. ताप गेला तर घरी का सोडत नाहीत? हॉस्पिटल बदलू का?

रंकाळा कट्टा: बदल भावा, वाट कसली बघतोस. उद्या 15 हजारांवर आल्यावर रात्री पिशव्या शोधत पळणार काय? आमच्या चुलत्याला 35 हजारांवर चार पिशव्या चढवल्या, तिसऱ्या दिवशी घरी आले.

नाईट ड्युटी: बदलू नका. त्याच रिपोर्टवर HCT किंवा PCV, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के, ते लिहिलेलं असेल, परवाचा आणि आजचा आकडा सांगा. बीपी पण सांगा.

पन्हाळ्याचा वारा: परवा 39, आज 47. बीपी 104/80. पण हे तर वाढलंय, म्हणजे रक्त सुधारलंच की?

नाईट ड्युटी: रक्त वाढलं नाही दादा, त्यातलं पाणी कमी झालंय. डेंग्यूत रक्तवाहिन्या एक-दोन दिवस गाळणीसारख्या होतात, पातळ भाग झिरपून पोटात नाहीतर छातीत जातो आणि मागं राहिलेलं रक्त दाट होतं, म्हणून 47. आणि हे नेमकं ताप उतरताना होतं, घरचे पेढे वाटायच्या बेतात असतात तेव्हा. बीपीचा वरचा आकडा बरा दिसतो पण खालचा वर सरकतो. तुमच्यात फरक 24 राहिलाय, 20 वर आला की शॉक धरतात, म्हणजे शरीराला रक्त पुरेसं पोचत नाही. हातपाय गार लागतायत का, लघवी किती होते, पोट दुखतंय का हे बघा.

रिपोर्टवाला: मी लॅबमध्ये आहे. पुरुषाला 47 नॉर्मल रेंजमध्ये बसतं, आमच्या मशीनवर त्याला खूण पण येत नाही. ताप-उलट्यांनी पाणी कमी पडलं तरी वाढतंच. ओआरएस पाजा, उगाच घाबरवू नका.

नाईट ड्युटी: उलट्यांनी वाढतं हे खरं, ओआरएस पण द्यायचंच. पण रेंज बघून काय करता, त्याचा स्वतःचा आकडा 39 होता ना. 8 ने वाढलं म्हणजे 20 टक्के, तिथं गळती मोठी धरतात. एखादी बाई मुळात 30 वर असली तर तिची 36 सुद्धा धोक्याची, आणि तुमच्या मशीनला ती नुसती अशक्त दिसणार. पहिला रिपोर्टच नसला की मग खरी पंचाईत. सोनोग्राफीत छातीत पाणी नाहीतर पित्ताशयाची भिंत जाड दिसली तर वादच मिटतो.

बावड्याची काकू: आमच्या सुनेला पपईच्या पानाचा रस आणि शेळीचं दूध दिलं, सातव्या दिवशी प्लेटलेट दीड लाख!! आणि आमच्या गल्लीत औषध फवारणी कधी होणार ते कुणाला माहीत आहे का, गटार तुंबलंय.

नाईट ड्युटी: काकू, सातव्या दिवशी बहुतेकांच्या आपोआपच वाढतात.

रंकाळा कट्टा: बरं, सलाईन ठीक. पण 12 हजार झाल्या आणि रक्त कुठूनच येत नाही, तरी हातावर हात ठेवून बसायचं?

नाईट ड्युटी: तिथं डॉक्टरांत पण एकमत नसतं. रक्तस्राव असेल तर देतात, नसेल तर 10 हजारांच्या आसपास प्रत्येकजण वेगळं ठरवतो. 2017 ला सिंगापूर-मलेशियातल्या अभ्यासात 20 हजार किंवा त्याखालच्या, रक्तस्राव नसलेल्या मोठ्या माणसांना पिशव्या देऊन रक्तस्राव कमी झाला नव्हता, उलट त्रास जास्त झाला होता. चार पिशव्यांनी गळती काही थांबत नाही.

रंकाळा कट्टा: अभ्यास सिंगापूरचा, माणूस आपला. मला नाही पटत.

पन्हाळ्याचा वारा: अपडेट. सलाईनचा वेग वाढवला होता. संध्याकाळी HCT 42, प्लेटलेट 41 हजार, बीपी 112/74, तीन वेळा लघवी झाली, हात गरम. प्लेटलेट तर अजून पडल्या की!

रिपोर्टवाला: 42 वर आलं म्हणजे सुटला, सलाईन काढायला सांगा.

नाईट ड्युटी: लगेच नको. बीपीतला फरक 38 झाला, लघवी आहे, म्हणजे खाली आलेला आकडा चांगला. हाच 42 नाडी जोरात आणि हातपाय गार असताना आला असता तर आत कुठं रक्त जातंय का बघायला लागलं असतं. सलाईन आता टप्प्याटप्प्यानं कमी करतील. गळती थांबली की झिरपलेलं पाणी परत रक्तात येतं, त्यात वरून बाटल्या चालूच ठेवल्या तर दम लागतो. झोपल्यावर धाप लागली तर सिस्टरला उठवा, लाजू नका. आणि ब्रुफेन-डायक्लो नको, फक्त पॅरासिटामॉल.

पन्हाळ्याचा वारा: बरं ताई. रात्री दोनला परत रक्त काढणार आहेत. सासूबाई पपईच्या रसाची बाटली घेऊन पायथ्याशी बसल्यात, ती तेवढी कुठं ओतू सांगा.