सल्ला हवा: कॉलम स्पेस नेमकी समजून कशी घ्यावी?

कोरा_कागद
इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. मॅट्रिक्सची एकेक ओळ घेऊन व्हेक्टरशी गुणायची आणि बेरीज करायची, हे पटापट जमतं. पण कॉलम स्पेसपाशी गाडी अडली आहे.

```
A =  १  ०  २
     ०  १  १
     १  १  ३
```

Ax = b मध्ये b म्हणून (२, ३, ५) घेतला तर असंख्य उत्तरं येतात, (१, १, ३) घेतला तर एकही नाही. एलिमिनेशन करून हे निघतं, पण असं का होतं ते दिसत नाही. कशा प्रकारे सराव करू?

पिंपळपान
सोपं आहे. A ची रँक २ येते. b शेजारी लिहून परत रँक काढा. ती ३ झाली तर उत्तर नाही, २ च राहिली तर आहे. पेपरात एवढं लिहिलं की पूर्ण मार्क.

कोरा_कागद
ते येतं हो. रँक का वाढते, तेच विचारतोय.

खडूफळा
काही दिवस ओळींनी गुणणं बंद ठेव, हा माझा सल्ला. x = (२, ३, ०) घे आणि असं लिही: पहिला कॉलम दोनदा, दुसरा तीनदा, तिसरा घ्यायचाच नाही. म्हणजे २(१, ०, १) + ३(०, १, १) = (२, ३, ५). ओळींनी केलंस तरी हेच येईल. पण आता x मधले आकडे काय करतात ते दिसतं: कुठला कॉलम किती घ्यायचा, एवढंच ते सांगतात. Ax = b सोडवणं म्हणजे या तीन कॉलमांतून b जुळवता येतो का, हे पाहणं. अशा रीतीने जे जे b जुळतात त्या सगळ्यांची मिळून कॉलम स्पेस होते.

आता तुझे कॉलम नीट बघ. प्रत्येकात पहिल्या दोन आकड्यांची बेरीज तिसऱ्याएवढी आहे: १+०=१, ०+१=१, २+१=३. असे कॉलम कितीही पट घेऊन मिळवले तरी हा गुण जात नाही. (२, ३, ५) मध्ये तो आहे. (१, १, ३) मध्ये १+१ म्हणजे २, तिथे ३ हवेत. म्हणून तो कुठल्याच x ने जुळणार नाही. सगळे जुळणारे b एकाच प्रतलात आहेत आणि (१, १, ३) त्या प्रतलाबाहेर आहे. b जोडल्यावर रँक वाढते ती याचमुळे.

असंख्य उत्तरांचं कारणही इथेच आहे. तिसरा कॉलम म्हणजे पहिल्याची दुप्पट अधिक दुसरा. त्यामुळे (०, २, १) घेऊनही (२, ३, ५) च येतो. करून बघ.

उंबरठा
एवढं निरखत बसायची गरज नाही. एलिमिनेशन करा, पिव्हट असलेले कॉलम उचला, त्यांचा विस्तार म्हणजे कॉलम स्पेस. इथे (१, ०, ०) आणि (०, १, ०).

खडूफळा
पिव्हट पहिल्या दोन कॉलमांत आहेत हे बरोबर, पण कॉलम मूळ A मधून उचलायचे. तुम्ही दिलेल्या दोघांतून जे काही बनेल त्याचा तिसरा आकडा शून्यच राहणार. मग (२, ३, ५) कुठून आणणार? त्याला तर उत्तर आहे. ओळींची वजाबाकी केली की कॉलम स्पेस बदलते. कॉलमांचं आपसातलं नातं मात्र टिकतं, कारण Ax = ० ची उत्तरं तीच राहतात. सोडवलेल्या रूपात तिसरा कॉलम (२, १, ०) येतो. त्यातले २ आणि १ म्हणजेच ते "दुप्पट अधिक दुसरा".

उंबरठा
हं, (२, ३, ५) घालून पाहिलं. पटलं. तरी मोठ्या मॅट्रिक्समध्ये असं नातं नुसतं बघून सापडत नाही, तिथे एलिमिनेशनच करावं लागणार.

खडूफळा
अर्थात. शोधायला एलिमिनेशन, समजायला कॉलम.

आकडेमोड
माझी थोडी वेगळी अडचण होती, पण मूळ हेच निघालं. विक्रीच्या रिग्रेशनमध्ये तीन कॉलम ठेवले होते: सगळे १, ऑनलाइन विक्रीला १ नाहीतर ०, दुकानातल्या विक्रीला १ नाहीतर ०. शेवटच्या दोघांची बेरीज म्हणजेच पहिला कॉलम. त्यामुळे दोन वेगळ्या पॅकेजांत गुणांक वेगळे आले आणि अंदाज मात्र तंतोतंत सारखे. `np.linalg.matrix_rank` ने ३ ऐवजी २ दाखवल्यावर उलगडा झाला. एक कॉलम काढला, गुणांक स्थिर झाले. इथे (१, १, ३) सारखा b आला तर रिग्रेशन त्या प्रतलातला सगळ्यात जवळचा बिंदू घेतं, तो (४/३, ४/३, ८/३).

कोरा_कागद
४/३ + ४/३ = ८/३, म्हणजे बिंदू प्रतलातच आहे. आता माझ्याच मनाने कॉलम घेऊन कुठले b जुळतात ते आधी सांगायचं आणि मग एलिमिनेशनने ताडून बघायचं, असा सराव करतो. एक शंका उरली. ओळींकडे पाहिलं तर तिसरी ओळ पहिल्या दोघींची बेरीज आहे, म्हणजे स्वतंत्र ओळीही दोनच. कॉलमही दोनच. हे नेहमीच जुळतं का?

पिंपळपान
नेहमी. प्रमेय आहे, पाठ करून टाका.

खडूफळा
नेहमी जुळतं, पण पाठ करू नकोस. A ला २ कॉलमांची मॅट्रिक्स गुणिले २ ओळींची मॅट्रिक्स असं फोडून बघ. डावीकडे A चे पहिले दोन कॉलम ठेव. उजवीकडे कुठल्या ओळी येतात ते काढ आणि इथे टाक, मग पुढे बोलू.